दसऱ्याची पाटी



दसऱ्याला पाटीवर एक या अंकाच्या ओळी मांडून सरस्वती रेखण्याची आपली प्रथा आपणांस परिचित असेल. आमच्या घरी ही पाटी भिंतीलगतच्या चार फुटी मेजावर पुस्तकांसह मांडली जाते. त्या मांडणीत अनेक वर्षे मी पितळी हत्ती, तसबिरी आणि फुलदाणीही ठेवीत असे. एका वर्षी धाकट्या मुलीने विचारले, “बाबा, यात सरस्वती कुठे आहे?” व्याकरण शिकविणाऱ्या मला तेव्हा उमगले की, माझ्या वाक्यात विशेषणांची दाटी झाली होती आणि कर्ता हरवला होता.

तेव्हापासून मी मेज प्रथम रिकामे करतो. मध्यभागाच्या किंचित डावीकडे तीन जाड पुस्तके आडवी रचतो आणि त्यांवर पाटी भिंतीला टेकवून उभी करतो. उजवीकडे उभ्या पुस्तकांची रांग असते. तिची उंची पाटीपेक्षा कमी ठेवतो. पाटी आणि रांग यांच्यामध्ये वीतभर जागा मोकळी सोडतो. पाटीचा काळा पृष्ठभाग चकाकत नाही, म्हणून झेंडूच्या केशरी रंगाशेजारीही पांढरी रेघ उठून दिसते. शेवटी दाराशी जाऊन डोळे अर्धवट मिटून पाहतो. पाटीच्या आधी दुसरे काही नजरेत भरले, तर ते काढून घेतो.

दिव्याचा धडा मात्र मला महाग पडला. एका दसऱ्याला तेलाचे निरांजन मी पुस्तकांना खेटून ठेवले होते. रात्री ज्योत शांत झाली, परंतु वातीचे टोक काठाबाहेर लोंबत राहिले. वात तेल वर ओढते, तसेच ते काठावरून बाहेरही उतरविते. सकाळी आईच्या शब्दकोशाची चाळीसएक पाने तेलाने पारदर्शक झाली होती. मागील पानाची अक्षरे पुढे उमटत होती. समासात पेन्सिलीने लिहिलेल्या आईच्या टिपा त्या गर्दीत आता वाचता येत नाहीत. आई हयात नाही. त्या टिपा पुन्हा विचारून घेता येणार नाहीत.

आता निरांजन काठ असलेल्या ताटलीत, पुस्तकांपासून हातभर अंतरावर असते. ज्योतीच्या वर फळी येऊ देत नाही, म्हणूनच कपाटाऐवजी मेज वापरतो. घरात कोणी जागे असेपर्यंतच दिवा तेवतो. नंतर उरलेले तेल काढून वात आत सारतो. झेंडूची फुले निथळवून, पुसून वाटीत ठेवतो. ओल्या फुलांचा डाग पुस्तकाच्या कापडी बांधणीवर राहतो. आपट्याची कोरडी पाने तेवढी पुस्तकांजवळ असतात.

तो शब्दकोश आजही त्या रांगेत असतो, दिव्यापासून सर्वांत दूरच्या टोकाला.