परतवारीनंतरचा काठ

आषाढीला पंढरपूरला गेलेले वारकरी परतीच्या एकादशीला नर्सी नामदेवला येतात. नामदेव महाराजांचं हे जन्मगाव (जन्म 1270), आणि कयाधू नदी गावाला लागूनच वाहते. आषाढ वद्य एकादशीच्या या परतवारीला गर्दी एवढी होते, की दुपारनंतर रस्त्यावर पाय ठेवायला जागा उरत नाही. द्वादशीला माणसं घरी जातात आणि काठावर राहतो तो सगळा उपवास: केळीच्या साली, साबुदाण्याच्या खिचडीच्या पत्रावळ्या, पाण्याचे पाऊच, चहाचे कागदी कप, शिवाय एकेकट्या चपला. एकच चप्पल टाकून माणूस घरी कसा जातो, हे मला अजून उमगलेलं नाही.

हा काठ साफ करणाऱ्या आमच्या गटात, साफसफाईला या असं बोलावणं लिहिण्याचं काम माझ्याकडे असतं. आता त्याचा मजकूर साधारण ठरून गेला आहे:

‘नदीकाठ सफाई, त्रयोदशीच्या सकाळी. भेटायचं ठिकाण: नर्सीचा बसथांबा, थेट नदीवर जाऊ नये. वेळ पावणेसात, काम सात ते साडेनऊ. पायात बूट किंवा गमबूट, चप्पल चालणार नाही. पूर्ण बाह्यांचा सदरा. हातमोजे आम्ही देऊ. पिण्याचं पाणी आपापलं. धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन बरीच वर्षं झाली असतील तर आधी घेऊन या. नदीला पाणी चढलं तर काम थांबेल, त्यावर वाद नाही.’

‘थेट नदीवर जाऊ नये’ हे लिहावंच लागतं. नुसतं ‘नदीवर भेटू’ म्हटलं की कुणी मंदिराच्या मागं उतरतो, कुणी पुलापाशी थांबतो, कुणी समोरच्या काठावरून हाका मारतो. हातमोजे एका ठिकाणी आणि माणसं तीन ठिकाणी. मग उत्साही मंडळी उघड्या हातानं सुरुवात करतात आणि पहिल्या पंधरा मिनिटांत कुणाच्या तरी हातात काच जाते. बसथांब्यावर जमलं की मोजणी होते, मोजे वाटले जातात, टोळ्या पडतात आणि मग सगळे एकदमच खाली उतरतात.

हातमोज्यांचंही शास्त्र आहे. औषधाच्या दुकानातले पातळ मोजे स्वस्त मिळतात, पण वेड्या बाभळीचा एक काटा लागला की संपले. नुसते सुती मोजे पाणी पितात आणि घाण तासभर हाताला चिकटवून ठेवतात. आम्ही वापरतो ते विणलेले, तळव्याला रबराचा लेप असलेले. हार्डवेअरच्या दुकानात मिळतात. ओला कचरा उचलणाऱ्यांना मात्र कोपराजवळ पोचणारे जाड रबरी. साठ माणसं येणार असतील तर सत्तर जोड लागतात, आणि त्यातले निम्मे लहान मापाचे हवेत. बायकांच्या हातात मोठा मोजा सैल पडतो, बोटांच्या टोकाशी रिकामा लोंबतो आणि काहीच धरता येत नाही. मग त्या तो काढून ठेवतात. दोष त्यांचा नाही, मापाचा आहे.

कामाच्या टोळ्या चार. एक काठावरचं वेचते. दुसरी झुडपांत शिरते. तिच्याकडे कोयता आणि दाताळं असतं. तिसरी वर, सपाट जागेवर, निवडायला बसते. चौथी पोती वर ओढते. लहान मुलं आली तर त्यांना काठाकडे सोडत नाही. गाड्या लावलेल्या रानात वेचायला लावतो. ढीग कुणीही थेट हातानं उचलायचा नाही, आधी दाताळ्यानं उलटायचा. पावसाळ्यात खाली काय बसलं असेल याचा नेम नसतो. एकदा उलटलेल्या गोणपाटाखालून घोणस निघाली. तेव्हापासून हे दुसऱ्यांदा सांगावं लागत नाही.

सर्वांत जास्त वेळ खातात त्या साड्या. पुरात वाहून आलेलं कापड बाभळीच्या खोडाला गुंडाळतं, त्यावर गाळ बसतो, त्यावर दुसरं कापड, मध्ये प्लॅस्टिकच्या पिशव्या. वाळलं की त्याची दोरीसारखी घट्ट गुंडाळी होते. नवखा माणूस ती ओढायला जातो. ओढल्यानं ती आणखी आवळते आणि फांदी तुटून तोंडावर येते. आधी कोयत्यानं गुंडाळीला उभा छेद द्यायचा, मग दोन्ही बाजूंनी साल सोलावी तसं काढायचं. 2024च्या सप्टेंबरच्या सुरुवातीला जिल्ह्यात पूर आला, त्यानंतर माणसाच्या डोक्यापेक्षा उंच फांद्यांवरही अशी कापडं लटकत होती. पाणी कुठवर चढलं होतं ते त्यावरून कळत होतं.

निवडायच्या टोळीत अनुभवी बायका बसवतो, कारण तिथं नजर लागते. आता पत्रावळ्या दोन जातीच्या येतात. खऱ्या पानाची शिरेवर फाटते. ती केळीच्या सालींबरोबर खड्ड्यात जाते. कागदी पत्रावळीला चकाकणारा पातळ पापुद्रा असतो, फाडली की तो ताणला जाऊन बाहेर दिसतो. ती खड्ड्यात गेली तर वर्षभरानं पापुद्रा तसाच सापडतो. पाण्याच्या बाटल्या भंगारवाला आनंदानं नेतो. चिखलानं माखलेल्या पातळ पिशव्या मात्र कुणी घेत नाही. त्या पोत्यात भरून पाठवाव्या लागतात. देवांचे फुटक्या काचेचे फोटो वेगळे ठेवतो. ‘असं पोत्यात कोंबू नका, माय,’ म्हणून एका आजीनं आम्हाला थांबवलं होतं. आता काच आणि चौकट काढतो, कागद गावातले जाणते सांगतील तसा पुरतो.

पोती सिमेंटची, रिकामी, बांधकामावरून मागून आणलेली. ती दोन तृतीयांशच भरायची. ओल्या कचऱ्यानं तोंडापर्यंत भरलेलं पोतं दोघांना चढावर नेता येत नाही, आणि ओढताना तळातून फाटतं. ट्रॅक्टरची वेळ आदल्या रात्री पुन्हा विचारून घ्यायची. एका वर्षी तो दुसऱ्या दिवशी उगवला. तोवर कुत्र्यांनी पोती फाडून अर्धा कचरा पुन्हा उतारावर पसरला होता. त्यामुळे पोती नेहमी चढाच्या वर, रस्त्याला लागून ठेवतो. पाऊस आला तरी ती वाहून खाली जात नाहीत.

पाण्याची राखण हे पाचवं काम, आणि ते एकाच माणसाचं. नदी वाशिम जिल्ह्यातून येते. नर्सीत ऊन असतं तेव्हाही वर पाऊस झाला असेल तर ती फुगते. पाण्याच्या कडेला एक काठी रोवून ठेवतो. तिच्या बुडाशी पाणी आलं, किंवा पाणी एकदम गढूळ होऊन काटक्या-फेस वाहू लागला, की तो माणूस शिट्टी वाजवतो आणि सगळे हातातलं तिथंच टाकून वर येतात. ‘एवढं एकच पोतं’ म्हणून थांबणाऱ्याला पुढच्या वर्षी मोजे मिळत नाहीत.

या कामाला मर्यादाही आहे. गावच्या नाल्यातून येणारं सांडपाणी हातमोज्यांनी अडत नाही. नाल्याच्या तोंडाशी जाळी लावली तर प्लॅस्टिक अडतं, पण ती दर दोन-तीन दिवसांनी उपसावी लागते; नाही तर पाणी तुंबून शेजारच्या घरात शिरतं. त्यासाठी वर्षभर माणूस हवा. एका सकाळच्या सफाईत ते बसत नाही. काठावरचं प्लॅस्टिक उचललं नाही तर ते पुढं पैनगंगेत जातं आणि तिथून खाली गोदावरीपर्यंत, इतकं मात्र खरं.

पुढच्या परतवारीला यायचं असेल तर त्रयोदशीला पावणेसातला बसथांब्यावर या. हाताचं माप आधी कळवा: लहान, मध्यम की मोठं.