नाक मोकळं आहे, मग वास का येत नाही?

मागच्या हिवाळ्यात जिंतूरकडच्या एका गावातून ४६ वर्षांच्या एक ताई दवाखान्यात आल्या. सोबत सासूबाई होत्या आणि तक्रार त्यांचीच होती. आदल्या आठवड्यात शेगडीची ज्योत विझली, गॅस मात्र चालूच राहिला. ताई तिथेच भाजी निवडत बसल्या होत्या, पण त्यांना काहीच कळलं नाही. सासूबाई अंगणातून आत आल्या आणि त्यांनी धावत जाऊन रेग्युलेटर बंद केला. ताईंचं म्हणणं एकच, "साहेब, नाक तर मोकळं आहे की. सर्दी नाही, श्वास बी नीट चालतोय."

त्यांचं बोलणं खरं होतं. श्वासाचा रस्ता आणि वासाची जागा एकच आहे असं आपण धरून चालतो, घोटाळा तिथे होतो.

नाकाच्या आतला बराचसा भाग श्वासाच्या कामाचा असतो. तिथलं अस्तर गुलाबी आणि ओलसर असतं. बाजूच्या भिंतीवर हाडाच्या वळकट्या असतात. त्यांच्यावरून जाताना हवा कोमट व दमट होते आणि धूळ शेंबडात अडकते. वास ओळखणाऱ्या पेशी या भागात नसतात. त्या असतात अगदी वर, छताला, दोन्ही डोळ्यांच्या मधोमध. जेमतेम टपाल तिकिटाएवढी, थोडी पिवळसर अशी ती जागा. तिथे पोचायची फट एक-दोन मिलिमीटर रुंद. त्या छताचं हाड चाळणीसारखं असतं आणि त्याच्या छिद्रांतून वासाच्या मज्जातंतूंचे धागे मेंदूकडे जातात.

आपण शांत श्वास घेतो तेव्हा हवेचा मुख्य प्रवाह खालच्या आणि मधल्या वाटेने घशाकडे जातो. वरच्या फटीत अंदाजे दहावा हिस्सा पोचतो. म्हणून एखादा वास नीट घ्यायचा असला की आपण नकळत हुंगतो. हुंगताना नाकपुडीचा खालचा भाग मधल्या पडद्याकडे ओढला जातो, हवेचा झोत वर वळतो, वेग वाढतो आणि तिथे हवा घुसळली जाते. एका झटक्यात वासाचे जास्त कण वरच्या ओलसर अस्तरावर बसतात. चहाच्या कपाजवळ बसून आधी संथ श्वास घ्या, मग दोन छोटे हुंगे घ्या. फरक लगेच कळेल.

ताईंची तपासणी मी अशीच केली. डोळे मिटायला लावले, एक नाकपुडी दाबली आणि दुसरीखाली कॉफीची डबी धरली. संथ श्वासात दोन्हीकडून काहीच नाही. जोरात हुंगायला सांगितलं तेव्हा उजवीकडून म्हणाल्या, "कायतरी हाय, पण लांबून आल्यासारखं." मला हे उत्तर फार मोलाचं वाटलं. मज्जातंतू पूर्ण निकामी असते तर हुंगूनही काही कळलं नसतं. पेशी जिवंत होत्या, पण हवा पोचत नसावी असा अंदाज बांधता आला. अंदाजच, कारण खात्री दुर्बिणीनेच होते. मग पुदिन्याच्या अर्काचं मलम हुंगायला दिलं तर थंडावा लगेच जाणवला. हा थंडावा म्हणजे वास नव्हे. झोंबणं आणि गारवा सगळ्या नाकभर पसरलेली दुसरी नस ओळखते. म्हणूनच "मला बाम कळतो, म्हणजे वास येतो" हा समज फसवा आहे.

कान-नाक-घसा तज्ज्ञांनी दुर्बिणीतून पाहिलं तर खालचा रस्ता स्वच्छ आणि वरच्या फटीत दोन्हीकडे सूज व बारीक कोंब. नेहमीचा स्प्रे सरळ डोकं ठेवून मारला की औषध बहुतेक खालच्या भागातच राहतं. म्हणून त्यांनी मान विशिष्ट कोनात ठेवून थेंब टाकायला शिकवले. दोन महिन्यांनी ताईंना फोडणीचा वास येऊ लागला, पण आधीइतका नाही.

तोवर मी एक गोष्ट बजावून सांगितली होती: स्वयंपाक झाला की रेग्युलेटर बंद, आणि जमल्यास गॅसगळती ओळखणारा अलार्म. स्वयंपाकाच्या गॅसला स्वतःचा वास जवळजवळ नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मरकॅप्टन हे उग्र वासाचं रसायन मिसळतात. ज्याला वास येत नाही त्याच्यापुरती ही सगळी तजवीज फुकट. शिवाय हा गॅस हवेपेक्षा जड, त्यामुळे जमिनीलगत साचतो.

हुंगण्याचा उपयोग रस्ता अरुंद असेल तोवरच. कोविडमध्ये अनेकांचं नाक मोकळं असूनही वास गेला, कारण त्या विषाणूने वासाच्या पेशींना आधार देणाऱ्या शेजारच्या पेशींना इजा केली. तिथे कितीही हुंगलं तरी काही कळत नव्हतं. पण या अस्तरात नव्या पेशी तयार होत राहतात, म्हणून बहुतेकांचा वास काही आठवड्यांत परतला. मोटारसायकलवरून पडून डोक्याला मार लागला की कधीकधी चाळणीतून जाणारे धागेच तुटतात, आणि असा गेलेला वास अनेकदा परत येत नाही. अशा अपघातानंतर नाकातून पाण्यासारखं पातळ काही गळत असेल तर ती सर्दी समजू नका, नाक जोरात शिंकरू नका आणि त्याच दिवशी दाखवा. तो मेंदूभोवतीचा द्रव असू शकतो.