चार फोटो, एक शब्द

रविवारी सकाळी चहा गाळत होते, तेवढ्यात डब्लिनला नवीनच आलेल्या एका मुलाकडून चार फोटो फोनवर आले. खाली एकच शब्द: ‘रिइम्बर्समेंट’. ना नमस्कार, ना प्रश्नचिन्ह.

पहिला फोटो सरकारी हॉस्पिटलच्या १०० युरोंच्या बिलाचा. पठ्ठ्या थेट इमर्जन्सीत गेला होता. आधी जीपीकडून चिठ्ठी घेतली असती, तर ते १०० लागलेच नसते. आणि बिल म्हणजे पैसे मागणं, भरल्याचा पुरावा नव्हे. दुसरा फोटो कार्ड मशीनच्या चिटोऱ्याचा. पैसे गेले एवढंच ते सांगतं. कुणाच्या, कुठल्या उपचाराचे, ते नाही. तिसरी मात्र खरी पावती होती: जीपीचं नाव, पेशंटचं नाव, तारीख, कशासाठी आणि ६० युरो मिळाले. चौथ्या फोटोत औषधांच्या दुकानाच्या पावतीवर अँटिबायोटिकच्या पंगतीला शांपू बसला होता.

“ताई, सगळं पाठवून देऊ का?”

“शांपू सोडून,” मी म्हटलं. “आणि हॉस्पिटलकडून पैसे भरल्याची पावती माग.”

पॉलिसीत जीपीचे निम्मे परत असतील, तर ६० तले ३० मिळतील. उरलेल्या ३० वर रेव्हेन्यूकडून २० टक्क्यांनी कर परत, म्हणजे ६ युरो. त्यासाठी चार वर्षांची मुदत. पावत्या मात्र सहा वर्षं सांभाळायच्या. सहा युरोंसाठी सहा वर्षं! मी सांभाळते.

“आणि ॲडमिट झालो असतो तर?” इथे विमा असला की सहसा फॉर्मवर सही करायची, बाकीचं हॉस्पिटल आणि कंपनी बघून घेतात. हे त्याला सांगताना मला सांगली आठवली.

आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डिस्चार्ज कार्ड, तपशीलवार बिल, पावत्या, रद्द केलेला चेक, सगळं मी ओळीनं लावलं. कंपनीला हवा होता लेन्सचा स्टिकर. लेन्सच्या खोक्यात येतो तो, नंबर आणि अनुक्रमांक छापलेला, बोटाच्या पेराएवढा. बिलात लेन्सची किंमत लावली, तीच डोळ्यात बसली, याचा तोच साक्षीदार. फोटो चालणार नव्हता, मूळच हवा होता. घरभर शोधाशोध. शेवटी सापडला आईच्या चष्म्याच्या घरावर, झाकणाच्या मधोमध. “माझ्या नव्या डोळ्याचा नंबर आहे तो,” ती म्हणाली, “हरवायला नको.”

चहाच्या वाफेवर धरून मी तो सोडवला. निघाला, पण अनुक्रमांकाचा शेवटचा आकडा झाकणालाच चिकटून राहिला. मग हॉस्पिटलच्या लेटरहेडवर अनुक्रमांक लिहून, सही-शिक्क्यासह आणला, तेव्हा कुठे क्लेम पुढे सरकला.

ते चष्म्याचं घर आता माझ्याकडे आहे. झाकणावर अर्धवट सात.