पालेभाज्यांच्या तारखा

आमची खानावळ विद्यापीठाच्या बाजूला, बेगमपुऱ्यात. पंचेचाळीस-पन्नास मुलं दोन्ही वेळ जेवतात, म्हणजे भाजी रोज लागते आणि ती जाधववाडीच्या बाजार समितीतूनच येते. तिथला एक व्यापारी सकाळी साडेसातच्या सुमारास व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर त्या दिवशीच्या भावांचं कार्ड टाकतो. पिवळ्या पार्श्वभूमीवर लाल अक्षरं, वरच्या कोपऱ्यात गणपती. डावीकडे भाजीचं नाव, उजवीकडे भाव. भाव एका आकड्यात क्वचितच असतो: टोमॅटो 10-20, गवार 40-60, मेथी 8-10. शेवटच्या काही ओळी जुडीच्या, बाकी सगळं किलोचं.

मला हे भाव वहीत नको होते, संगणकावर हवे होते. कारण साधं होतं. जूनमध्ये ताटाचे पैसे वाढवायचे की नाही, हा दरवर्षीचा वाद आणि दरवर्षी तो अंदाजानेच मिटतो. सहा महिन्यांची कार्डं फोनमध्ये पडून होतीच. किमान एका रकान्यात, कमाल दुसऱ्या रकान्यात, एवढंच करायचं होतं. पणन मंडळाच्या संकेतस्थळावर बाजारभाव असेच दिसतात: आवक, किमान, कमाल, सर्वसाधारण. फक्त तिथे भाव क्विंटलचा असतो, म्हणजे आमच्या कार्डावरचा 10-20 तिथे एक हजार आणि दोन हजार होतो. एका संध्याकाळचं काम, असं मी धरून चालले. तीन आठवडे गेले.

फोटोतला मजकूर उचलणं सोपं निघालं. चित्र गूगल ड्राइव्हमध्ये टाकायचं आणि गूगल डॉक्समध्ये उघडायचं, की खाली अक्षरं येतात. मराठीही ठीकठाक वाचतं. ती अक्षरं मी उचलून शीटमध्ये चिकटवली आणि पहिल्याच कार्डावर अडखळले. गवार 40-60 जशीच्या तशी होती. वांगी 20-30, तीही. पण मेथीसमोर ८ ऑक्टोबर! पालक ५ ऑगस्ट, शेपू ८ डिसेंबर. फक्त पालेभाज्यांच्याच तारखा झाल्या होत्या.

पुतण्या हसत सुटला. "काकू, भाव लहान असला की तारीख होते. तिसावा महिना नसतो म्हणून वांगी वाचली."

खरंच तसं होतं. 8-10 असं दिसलं की शीट त्याला दिवस आणि महिना समजते, आणि माझ्या शीटची मांडणी भारतीय असल्यामुळे आधी दिवस, मग महिना. कार्डावर 5-8 होतं ते पाच ऑगस्ट झालं. जुडीचे भाव पाच ते बाराच्या आत असतात, म्हणून नेमक्या त्याच ओळी बळी पडल्या. वर गंमत अशी, की आत तारीख म्हणून साठलेला आकडा वेगळाच असतो. त्या रकान्याला नुसता आकडा दाखव म्हटलं, तर २०२४ मधला ८ ऑक्टोबर 45573 दिसतो. मेथी पंचेचाळीस हजार रुपये जुडी.

झालेल्या तारखांतून भाव परत मिळतो. दिवस म्हणजे किमान, महिना म्हणजे कमाल:

```
=DAY(B2)
=MONTH(B2)
```

पण हे फक्त शीटची मांडणी भारतीय असेल तरच. अमेरिकन असेल तर तोच 8-10 दहा ऑगस्ट होतो, मग दोन्ही सूत्रं उलटी लागतात. दुरुस्तीपेक्षा आधीच सावध राहणं बरं: चिकटवण्याआधी तो रकाना निवडून `Format > Number > Plain text` करायचं. मी उत्साहात अख्खी शीटच तशी केली. मग पुढच्या रकान्यात सूत्र लिहिलं की उत्तर यायचं सोडून सूत्रच अक्षरं होऊन बसायचं. कच्चा भाव येतो तो एकच रकाना मजकुराचा ठेवायचा, हे त्यानंतर समजलं.

आता तोडायचं कसं. पुतण्याने पहिल्यांदा `=SPLIT(B2,"-")` दिलं. दोन दिवस छान चाललं. तिसऱ्या दिवशी कार्ड बनवणाऱ्याने आडवी रेघ लांब काढली होती, आणि लांब रेघ हे संगणकाच्या दृष्टीने वेगळंच अक्षर असतं. कधी "10 ते 20" असायचं. कधी नुसतंच 15, मग कमालचा रकाना रिकामा. म्हणून मधे एक धुतलेला रकाना घातला. त्यात मोकळ्या जागा, स्वल्पविराम आणि रुपयाचं चिन्ह काढून टाकायचं, "ते" आणि लांब रेघांची साधी रेघ करायची. मग पहिला आकडा एकीकडे, शेवटचा दुसरीकडे:

```
C2: =REGEXREPLACE(REGEXREPLACE(B2,"[\s,₹]",""),"ते|–|—","-")
D2: =VALUE(REGEXEXTRACT(C2,"^[\d.]+"))
E2: =VALUE(REGEXEXTRACT(C2,"[\d.]+$"))
```

ह्यात मला आवडलेली गोष्ट ही, की नुसतं 15 असेल तर पहिला आणि शेवटचा आकडा तोच, म्हणून दोन्ही रकान्यांत 15 येतं. त्या दिवशी एकाच भावाने माल गेला, तर तेच बरोबर आहे. "120 पासून" असं लिहिलेलं मात्र वेगळं. तिथे शेवटी अक्षरं असल्यामुळे कमालमध्ये चूक दिसते, आणि ती दिसू द्यायची. वरचा भाव कार्डात सांगितलेलाच नाही, तर मी कुठून आणू?

एकदा दुसऱ्याच माणसाने कार्ड बनवलं, सगळे आकडे देवनागरी. सगळ्या रांगांत #N/A. सूत्रातला `\d` देवनागरी ० ते ९ ओळखत नाही. शोधा-बदला करून दहा अंक बदलले, पाच मिनिटांचं काम. चूक अशी ठळक दिसली की बरं वाटतं. त्रास देतात त्या न दिसणाऱ्या.

पहिली अशी चूक टोमॅटोची. एका सकाळी दोन्ही रकान्यांत 1020. म्हणजे रेघ फोटोत पुसट होती, वाचताना गळून पडली आणि 10-20 चं एक हजार वीस झालं. पुतण्या म्हणाला, मधोमध कापू. मी म्हटलं, दुधीचं 815 आलंय ते कुठे कापशील? 8 आणि 15 असेल हे मला माहीत आहे, कारण मी दुधी विकत घेते; सूत्राला कसं कळणार? किलोला ३०० च्या वर काही गेलं की रांग लाल करायची आणि मूळ फोटो उघडून बघायचा, एवढं ठरवलं. म्हणूनच कार्डावरचा मूळ मजकूर असलेला रकाना मी कधी पुसला नाही.

दुसरी चूक जास्त वाईट. वाटाण्याची आवक नव्हती, म्हणून कार्डात त्याच्यासमोर नुसती रेघ होती. डॉक्सने आधी सगळी नावं वाचली, मग सगळे भाव, आणि ती एकटी रेघ भाव म्हणून धरलीच नाही. वाटाण्याखालचं सगळं एक ओळ वर सरकलं. वाटाण्याला फ्लॉवरचा भाव, फ्लॉवरला कोबीचा. सगळे आकडे आपापल्या जागी सभ्य, कुठेच लाल रंग नाही. चार दिवसांनी कोथिंबिरीसमोर काहीच नाही हे बघून शंका आली. तेव्हापासून पहिलं काम मोजणी: ३४ नावं, ३४ भाव. तेहतीस भरले, तर फोटो उघडायचा.

आवक नसलेल्या भाजीसमोर मी आधी शून्य घातला होता, #N/A डोळ्याला नको म्हणून. मग महिन्याची सरासरी काढली तर वाटाणा फुकट वाटायला लागला. आता रिकामी जागा ठेवते, सरासरीत ती धरली जात नाही.

आकडा चुकीचा वाचला गेला, तर काही चुका आपोआप पकडल्या जातात. 80-100 चं 80-10 झालं की किमान कमालपेक्षा मोठं, लगेच कळतं. पण 60-80 चं 60-90 झालं तर कुठलंच सूत्र बोलत नाही. त्याला दोनच उपाय: कालच्या भावाशी ताडून बघणं, आणि फोटो चांगला मिळवणं. व्हॉट्सअॅप फोटो दाबून लहान करतं, त्यात 3 आणि 8 सारखे दिसायला लागतात. त्या व्यापाऱ्याला मी विनंती केली, भाऊ, कार्ड डॉक्युमेंट म्हणून टाकत जा. ऐकलं त्याने. वाचण्यातल्या चुका तिथून बऱ्याच कमी झाल्या.

सहा महिने बसले एकदाचे. मग मी करू नये तेच केलं: किमान आणि कमाल मिळवून निम्मं केलं, आणि त्याला सर्वसाधारण असं नाव दिलं. गवार ५०. मी तर ५५-५८ देत होते! दुसऱ्या दिवशी जाधववाडीत गाळ्यावर जाऊन त्या व्यापाऱ्यापुढे कागद ठेवला.

"भाऊ, 40-60 लिहिता, आणि मला 58 लावता."

त्याने ढिगातून दोन शेंगा काढल्या. एक कोवळी, वाकवली की कट्कन मोडली. दुसरी वाकली, पण मोडली नाही, धाग्यावर लोंबत राहिली.

"ताई, ही चाळीसची. घेता का? तुमची पोरं ताटात टाकून उठतील."

किमान आणि कमाल हे एकाच मालाचे दोन भाव नव्हतेच. ते दोन वेगळे माल होते. दोघांच्या मधोमध जो आकडा येतो, त्या भावाने त्या दिवशी एकही पोतं गेलेलं नसू शकतं. पणन मंडळाच्या तक्त्यात सर्वसाधारण दर वेगळा नोंदलेला असतो, तो ह्याचसाठी. बहुतेक माल ज्या भावाने गेला तो भाव. आमच्या कार्डात तो नाहीच, आणि दोन आकड्यांची बेरीज करून तो मिळत नाही. तो रकाना मी पुसून टाकला.

त्याच्या जागी आता मी दिलेला भाव लिहिते, आणि तो त्या दिवशीच्या पट्ट्यात कुठे बसला ते काढते. दिलेल्यातून किमान वजा, त्याला कमाल वजा किमानने भागायचं. गवार ५५ ला घेतली तर १५ भागिले २०, म्हणजे पाऊण. किमान आणि कमाल सारखेच असले तर शून्याने भागाकार, म्हणून तिथे काहीच लिहायचं नाही.

महिन्याभराचे आकडे पाहिले, तर गवार, भेंडी, वांगी पाऊणच्या आसपास. ठीक आहे, कोवळीच घेते मी. पण बटाटा सगळा महिना जवळपास एकला चिकटलेला. बटाट्यात कोवळं-जून काय असतं? उद्या पुन्हा गाळ्यावर जायचंय. कागद घेतलाय.