रंग गेला, मीठ राहिलं

रंगाई कारखान्याचं सांडपाणी म्हटलं की डोळ्यांसमोर लाल-निळा नाला येतो. पण मित्रांनो, रंग हा त्यातला त्यामानाने सोपा भाग. खरा त्रास देणारी वस्तू पाण्यात विरघळली की दिसतच नाही. ती म्हणजे मीठ!

सेमिनारच्या निमित्ताने एका प्रोसेस हाऊसमध्ये गेलो तेव्हा हे कळलं. सुती कापडाला बहुधा रिॲक्टिव्ह रंग देतात. पाण्यात कापसाच्या धाग्यावर थोडा ऋण भार असतो आणि रंगाच्या रेणूवरही ऋणच. मग दोघांचं जमायचं कसं? तिथे मीठ मध्यस्थी करतं आणि रंगाला धाग्याकडे ढकलतं. नंतर सोडा ॲश टाकला की रंग धाग्याशी पक्का जोडला जातो. तिथल्या डाईंग मास्तरांनी तोंडीच हिशेब सांगितला, "शंभर किलो कापड, आठशे लिटर पाणी. गडद रंग असेल तर लिटरला 60 ग्रॅम मीठ." म्हणजे 48 किलो! कापडात त्यातलं काहीच राहत नाही, सगळं सांडपाण्यात. शिवाय 3 किलो रंगातला 70 टक्केच धाग्याला लागला, तर उरलेला 900 ग्रॅमही त्याच वाटेने जातो.

त्या पाण्याचा एक कॅन आम्ही लॅबमध्ये आणला. फेरस सल्फेट आणि चुना घालून ढवळलं, अर्धा तास तसंच ठेवलं. गाळ खाली बसला आणि वर जवळजवळ नितळ पाणी! मग टीडीएस मीटर बुडवला. आधी 6100 होता, आता 6350. रंग गाळात गेला, पण सोडियम आणि क्लोराइड जागचे हलले नाहीत. उलट आमच्याच रसायनांची त्यात भर पडली. पुढच्या एअरेशन टाकीतले जिवाणू सेंद्रिय घाण खातात, मीठ खात नाहीत. ते काढायला आरओ लागतो, आणि आरओतून उरलेलं खारट पाणी बाष्पीभवन यंत्रात आटवावं लागतं. त्याला इंधन जळतं.

हे न केल्यास काय होतं, ते तमिळनाडूतल्या तिरुप्पूरने पाहिलं. नोय्यल नदीवरचं ओरातुपालयम धरण शेतीसाठी बांधलेलं, त्यात रंगाईचं खारट पाणी साठत गेलं. शेवटी जानेवारी 2011 मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने, सांडपाणी बाहेर सोडणं पूर्ण थांबेपर्यंत तिथले रंगाई कारखाने बंद करायला लावले.

'लो-इम्पॅक्ट' रंगांचा उपयोग इथे कळतो. त्यांतल्या अनेकांच्या रेणूला धागा पकडायला एकाऐवजी दोन हात असतात. एक सुटला तरी दुसरा धरतो. 85 टक्के रंग लागला तर वाया जाणारा 900 ग्रॅमवरून 450 वर येतो. कमी मिठावर चालणारा रंग निवडून मीठ निम्मं केलं, तर 48 चे 24 किलो होतात.

पण 24 म्हणजे शून्य नव्हे! त्यामुळे प्लँट लागतोच, फक्त आरओ आणि बाष्पीभवनावरचा भार हलका होतो. म्हणून कुणी 'इको-फ्रेंडली रंग' म्हणालं, तर दोनच प्रश्न विचारा: धाग्याला किती टक्के लागतो, आणि लिटरला मीठ किती?