पोळ्याच्या आदल्या संध्याकाळचा संदेश

चिखलीच्या बाजारपेठेतील एका हार्डवेअरच्या दुकानात पोळ्याच्या आठ दिवस आधी धाकट्या मुलाने शुभेच्छापत्र तयार केले. ते भ्रमणध्वनीच्या पडद्यावर मोठे देखणे दिसत होते. वर दुकानाचे बोधचिन्ह, मध्ये दोन बैल, खाली ‘पोळ्यानिमित्त सर्व रंगांवर 10 टक्के सवलत’, आणि दूरध्वनी क्रमांक तीन ठिकाणी. वडिलांनी चष्मा लावून ते दोनदा पाहिले आणि विचारले, ‘‘ही शुभेच्छा आहे की पावती?’’

मुलाला प्रश्न बोचला. सवलत लिहिली नाही तर गिऱ्हाईक येणार कसे, हे त्याचे म्हणणे चुकीचे नव्हते. पोळ्याच्या आधीचा आठवडा या दुकानाला खरोखर विक्रीचा असतो. शिंगांना लावायचा ऑईलपेंट, कासरा, वेसण, मोरखी, सुतळी यांची मागणी त्याच दिवसांत येते. पण ती खरेदी पोळ्याच्या दोन-तीन दिवस आधीच उरकलेली असते. आदल्या संध्याकाळी शेतकरी बैलांचे खांदे मळत बसलेला असतो, त्या वेळी रंगावरची सवलत त्याच्या काय कामाची? तेव्हा वडिलांनी सवलतीची जाहिरात वेगळी काढून ती सहा दिवस आधी पाठवायला सांगितली. तिच्यात भाव आणि डब्यांची मापे उघडपणे लिहिली. विक्री विक्रीच्या दिवशी झाली आणि शुभेच्छेवरचे तिचे ओझे उतरले.

वडिलांच्या मनात मात्र आणखी एक गोष्ट होती, आणि ती मागल्या दिवाळीची होती. त्या वेळी दुकानाच्या ब्रॉडकास्ट यादीतील सर्वांना एक संदेश गेला होता. ‘आपले सहकार्य असेच राहो, मागील व्यवहार पूर्ण करून नव्या वर्षाची सुरुवात आनंदाने करू या’ असे त्याचे शब्द होते. लिहिणाऱ्याच्या मनात कोणी एक माणूस नव्हता, हे वाक्य व्यापारी घरांतून वर्षानुवर्षे सवयीने लिहिले जाते. परंतु यादीत एक शेतकरी असा होता की ज्याने विहिरीसाठी पाइप आणि मोटारीची केबल उधारीवर नेली होती. त्या हंगामात सोयाबीनला भाव नव्हता. यादीतून गेलेला संदेश प्रत्येकाला स्वतंत्र पोहोचतो, तो आणखी कोणाकोणाला गेला हे वाचणाऱ्याला कळत नाही. त्याने तो आपल्या एकट्यासाठीचा तगादा समजला. त्यानंतर तो दुकानावरून जाताना रस्त्याची दुसरी बाजू धरू लागला आणि खिळेसुद्धा दुसरीकडून नेऊ लागला. खात्यावर जेवढी रक्कम अडकली होती, तिच्याहून जुने असे येणे-जाणे त्या एका वाक्याने थांबले. सहकार्य, व्यवहार, विश्वास, ऋणानुबंध हे शब्द विकणाऱ्याला गोड वाटतात, पण ज्याच्या नावावर बाकी आहे त्याला त्यांत फक्त बाकी ऐकू येते. वसुली करायची तर ती समोर बसून, एकट्याशी करावी. सणाच्या पत्रात तिची सावलीही असू नये.

म्हणून यंदा मजकूर नव्याने लिहिला गेला. पहिल्यांदा चित्र बदलले. इंटरनेटवरून घेतलेल्या त्या बैलांना वशिंडच नव्हते. परदेशी जनावरे ती. शहरातल्या माणसाला हे दिसत नाही, पण शेतकऱ्याची नजर सर्वांत आधी तिथेच जाते आणि लिहिणाऱ्याला पोळा ठाऊक नाही हे त्याला कळून चुकते. दुकानातील सर्वांत जुन्या कामगाराच्या घरी बैलजोडी आहे. तिचे मागल्या वर्षी तोरणाखाली घेतलेले छायाचित्र त्याला विचारून वापरले. ते थोडे अंधुक होते आणि एका बैलाचे कान हललेले होते, तरी तेच ठेवले. बोधचिन्ह काढले, क्रमांकही काढला. संदेश ज्या क्रमांकावरून येतो तो वर दिसतोच.

मग शब्द. मुलाने आधी संपूर्ण मजकूर वऱ्हाडी बोलीत लिहून पाहिला. वाचताना तो नाटकातल्या संवादासारखा वाटू लागला, कारण घरात कोणी तसे बोलत नाही. वडिलांनी त्यातले एकच वाक्य राखले, जे बैलांचे खांदे मळताना घरोघर म्हटले जाते. शेवटी ठरलेला मजकूर असा:

‘राम राम. आज खांदेमळणी. वर्षभर ज्यांनी जू वाहिले त्यांच्या खांद्याला आज तूप-हळद लागेल आणि घरोघर म्हणतील, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. ज्यांच्या गोठ्यात बैल आहेत त्यांना, आणि ज्यांच्या पाटावर मातीचे बैल आहेत त्यांनाही, पोळ्याच्या शुभेच्छा. उद्या दुपारनंतर दुकान बंद राहील; आमची माणसेही तोरणाखाली असतील.’

त्याखाली एका ओळीत दुकानाचे नाव, पत्राखाली सही असते तसे. मातीच्या बैलांचा उल्लेख मुद्दाम केला होता. ट्रॅक्टर आल्यापासून अनेक गोठे रिकामे झाले आहेत, आणि ज्याने परवाच जोडी विकली त्याला नुसते ‘आपल्या सर्जा-राजाला’ असे लिहिणे म्हणजे जखमेला हात लावणे. ‘भरघोस पीक येवो’ हेही गाळले, कारण काही मंडळांत पावसाने शेंगा धरण्याच्या वेळी ओढ दिली होती. दुकान बंद असल्याची सूचना तेवढी कामाची होती. तीच ओळ हा मजकूर याच दुकानाचा आहे हेही सांगत होती.

पाठवण्यापूर्वी आणखी एक गोष्ट सापडली, जी सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये आपोआप जाणारा स्वागताचा संदेश लावून ठेवता येतो. पहिल्यांदा लिहिणाऱ्याला, किंवा चौदा दिवस काहीच बोलणे न झालेल्या गिऱ्हाइकाने लिहिले की त्याला तो जातो. म्हणजे एखाद्याने प्रेमाने आपल्या बैलांचे छायाचित्र पाठवावे आणि त्याला तत्क्षणी ‘चौकशीबद्दल धन्यवाद, आमची मालाची यादी पाहा’ असे उत्तर मिळावे! मुलाने ती सोय दोन दिवसांसाठी बंद केली. शिवाय ब्रॉडकास्टच्या एका यादीत 256 नावेच बसतात, आणि ज्यांनी दुकानाचा क्रमांक आपल्या फोनमध्ये साठवला आहे त्यांनाच संदेश पोहोचतो. त्यामुळे दोन याद्या कराव्या लागल्या. त्या शेतकऱ्याचे नाव ठेवावे की गाळावे, यावर बापलेकांत थोडा वेळ शांतता होती. नाव ठेवले.

संध्याकाळी दिवेलागणीला संदेश गेला. पर्युषण चालू असल्याने घरात सगळे प्रतिक्रमणाला बसले आणि फोन दुकानाच्या गल्ल्यावरच राहिला. रात्री पाहिले तर बरीच उत्तरे हात जोडलेल्या चिन्हांचीच होती, काही छायाचित्रे होती. त्यांत एक त्या शेतकऱ्याकडून आलेले होते. नुसते दोन बैल, शिंगे अजून रंगवायची राहिलेली. खाली एक अक्षरही नाही.

मुलाने उत्साहाने लिहायला घेतले, ‘धन्यवाद! दुकानावर या.’ वडिलांनी फोन हाती घेतला, ते पुसले, आणि छायाचित्र बोटांनी मोठे करून बराच वेळ पाहिले. मग सावकाश टंकले, ‘डावा नवा दिसतो?’

उत्तर दुसऱ्या दिवशी पहाटे आले. ‘हो. जुना थकला. त्याले विकला नाही, घरीच बांधला हाय.’