परदेशातून लागेल असा नंबर

आर्णीतल्या पुष्कळ घरांतला एखादा मुलगा दम्माममध्ये असतो, एखादा दुबईत. घरून त्यांच्याशी बोलणे अ‍ॅपवर होते, त्यामुळे नंबर लिहिण्याचा प्रश्न सहसा येत नाही. तो येतो कंपनीला मेल करावा लागतो तेव्हा, आणि बहुधा घरात काही संकट असते.

मागच्या वर्षी माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीच्या घरी असेच झाले. तिचे अब्बू यवतमाळच्या एका दवाखान्यात दाखल होते आणि दम्माममधल्या भावाला तातडीची रजा हवी होती. कंपनीतल्या उर्दू जाणणाऱ्या साहेबांनी सांगितले, दवाखान्याचा नंबर पाठवा, मी स्वतः बोलून खात्री करतो. तिने नीट उर्दूत मेल लिहिला आणि केस पेपरवर छापलेला नंबर जसाच्या तसा उतरवला. दोन दिवस फोन आला नाही. तिकडून उत्तर आले, नंबर लागत नाही. दवाखान्यात विचारले तर फोन चालू होता. तिने मेल मला दाखवला, "सर, यात चूक कुठे आहे?"

खरा नंबर इथे देत नाही. समजा, तो 07232-123456/57, एक्स. 14 असा होता. आपल्याकडे लँडलाइनचा नंबर 1 ने सुरू होत नाही, म्हणून हा कोणाचाच नाही.

आधी सुरुवातीचे शून्य पाहू. 07232 हा यवतमाळचा एसटीडी कोड आपण शून्यासकटच पाठ केलेला असतो. पण खरा कोड 7232 आहे. शून्य म्हणजे आपल्या एक्स्चेंजला दिलेली खूण, की हा फोन गावाबाहेरचा आहे. १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाइल लावतानाही शून्य लावावे लागते, त्यामुळे ही सवय आणखी पक्की झाली. सौदीतही देशांतर्गत फोनला शून्यच लागते. म्हणून दम्मामच्या मोबाइलवर 07232 ने सुरू होणारा नंबर फिरवला की तिथले नेटवर्क तो सौदीतलाच समजते. पुढे +91 लावून शून्य तसेच ठेवले, तरी तो यवतमाळचा नीट नंबर होत नाही. कंसात (0) लिहिण्याची पद्धत तर सर्वांत घातक, कारण फोनला कंसाचा अर्थ कळेलच असे नाही. शून्य काढायचे आणि +91 लावायचे. अधिकच्या चिन्हाचा अर्थ "तुमच्या देशातून बाहेर जाण्याचा जो आकडा असेल तो". भारतात आणि सौदीत तो 00 आहे, अमेरिकेत 011. मोबाइल तो आपोआप लावतो, म्हणून 00 लिहिण्यापेक्षा + बरा.

दुसरी अडचण तिरप्या रेघेची. आपल्या लेटरहेडवर 123456/57 म्हणजे शेवटचे दोन आकडे बदलून दुसरी लाइन. हे आपल्याला कळते. फोन मात्र एकतर 123456 वर थांबतो किंवा 57 पुढे चिकटवून आठ आकड्यांचा भलताच नंबर तयार करतो. दोन नंबर द्यायचे असतील तर दोन ओळींत, प्रत्येक पूर्ण लिहावा.

हे दोन्ही आमच्या लगेच ध्यानात आले. तिने तिथेच नंबर +91 7232 123456 असा केला आणि मेल स्वतःलाच पाठवून पाहिला. पडद्यावर तो असा दिसला:

```
123456 7232 91+
```

तिने आकडे उलटे टाइप केले नव्हते. उर्दू उजवीकडून डावीकडे चालते, आकडे मात्र डावीकडून उजवीकडे. उर्दू शब्दांच्या मागे त्याच ओळीत नंबर आला की मोबाइल प्रत्येक गट आतून सरळ ठेवतो, पण मधल्या मोकळ्या जागांमुळे गट उजवीकडून मांडत जातो. जागेऐवजी आडवी रेघ दिली तरी उर्दू अक्षरांमागे तेच होते. गंमत म्हणजे आत साठवलेला क्रम बरोबरच असतो, म्हणून थेट नंबरवर बोट ठेवणाऱ्याचा फोन लागतो. पण ज्याने मेलची प्रिंट काढली, किंवा पडद्यावरून बघून टेबलावरच्या फोनवर बटणे दाबली, तो 123456 पासून सुरुवात करतो. ऑफिसात बहुधा हेच होते.

यावर उपाय सोपा निघाला. नंबर नव्या ओळीत घ्यायचा आणि त्याच्या अगदी आधी रोमन अक्षरांत Tel लिहायचे. डावीकडून चालणारे अक्षर मागे असले की त्यानंतरचा +, आकडे आणि मोकळ्या जागा सगळे त्याच दिशेने बांधले जातात, मेल उर्दूचा असला तरी. देवनागरीत "फोन" लिहिले तरी हेच घडते, कारण मराठीची दिशाही तीच. पण दम्माममध्ये Tel वाचणारे जास्त. आकडेही रोमनच ठेवावेत. देवनागरी किंवा उर्दू आकडे काही अ‍ॅप ओळखतात, काही ओळखत नाहीत.

राहिला एक्सटेन्शनचा प्रश्न. दवाखान्यात आधी ध्वनिमुद्रित आवाज यायचा आणि मग 14 दाबले की वॉर्डात घंटा वाजायची. मोबाइलमध्ये नंबरापुढे स्वल्पविराम दिला की फोन साधारण दोन सेकंद थांबून पुढचे आकडे दाबतो. आवाज सहा सेकंदांचा असेल तर तीन स्वल्पविराम लागतील. अर्धविराम दिला तर तो थांबून तुम्हाला विचारतो. पण ही सोय नंबर कॉन्टॅक्टमध्ये साठवणाऱ्याच्या कामाची. मेलच्या मजकुरात ते विराम बहुधा दुव्याबाहेर राहतात, आणि टेबलावरच्या फोनला ते कळत नाहीत. म्हणून मेलमध्ये एक्सटेन्शन वेगळ्या ओळीत घेतले आणि केव्हा दाबायचे ते उर्दूत एका वाक्यात सांगितले.

शेवटी मेलमध्ये नंबर असा गेला:

```
Tel: +91 7232 123456
Ext: 14
```

पाठवण्याआधी आम्ही दोन गोष्टी तपासल्या. स्वतःला आलेल्या मेलमधल्या नंबरवर बोट ठेवले आणि हिरवे बटण न दाबता नुसते आकडे मोजले. + नंतर बारा हवेत, 91 चे दोन आणि पुढचे दहा. भारतात एसटीडी कोड आणि लँडलाइन मिळून दहाच होतात, यवतमाळचे चार आणि सहा, मुंबईचे दोन आणि आठ. चौदा दिसले असते, तर एक्सटेन्शन चिकटले असे समजलो असतो. मग तोच मेल दुसऱ्याच्या फोनवर उघडून, बोट न लावता, नंबर डावीकडून मोठ्याने वाचला.

हे सगळे करूनही 1800 ने सुरू होणारे आपले टोल फ्री नंबर परदेशातून बहुतेक लागत नाहीत. दवाखान्याने तेवढाच नंबर दिला असेल तर त्यांच्याकडे लँडलाइन मागून घ्यावी.

दुसऱ्या दिवशी दुपारी वॉर्डातला फोन वाजला. साहेब डॉक्टरांशी चार मिनिटे बोलले आणि भावाला पंधरा दिवसांची रजा मिळाली. आता दहावीच्या वर्गात पत्रलेखन शिकवताना पत्त्याखाली नंबर लिहायला सांगतो तेव्हा मुलांना आधी आकडे मोजायला लावतो.